आईच्या नंबरावर गेलेला कोड

बाबांच्या इमेल खात्याबद्दलचा तो मेल मला शाळेच्या ऑफिसात आला. मी कात्रपच्या एका शाळेत क्लार्क आहे. दाखले, फी, मुलांची ऑनलाइन माहिती भरणं, हे माझं काम. पालकांना ओटीपी मागताना "दुसऱ्या कुणाला सांगू नका हं" असं मी दर वेळी बजावते. त्यामुळे असले मेल मी वरवर वाचत नाही.

मेलमध्ये लिहिलं होतं की, तुमचा पत्ता ज्या खात्याला रिकव्हरीसाठी जोडलेला आहे, ते खातं परत मिळवण्याची विनंती कुणीतरी केली आहे. पडताळणीला काही दिवस लागतील. विनंती तुमच्या माहितीतली नसेल तर इथून रद्द करा. खाली खात्याचा पत्ता होता, बाबांचा.

ते खातं मीच उघडून दिलं होतं. पालेगावच्या आमच्या जमिनीवर बिल्डरची नजर पडायला लागली तेव्हाची गोष्ट. मोजणीचे नकाशे, वकिलाची पत्रं, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती असं सगळं बाबांच्या नावावर यायला लागलं, तेव्हा एका रविवारी माहेरी जाऊन मी त्यांना इमेल उघडून दिला आणि पासवर्ड विसरले तर असावा म्हणून रिकव्हरीला माझा पत्ता टाकला. पुढे धाकट्या भावाने तो कारभार हातात घेतला. मेल बाबांच्या फोनवर यायचे, उत्तरं भाऊ लिहायचा. मला त्यातलं काही कळेनासं झालं. आई होती तोवर ती फोनवर सांगायची, "आज बिल्डरची माणसं आलेली, चहा पिऊन गेली." ती गेल्यावर तेही बंद झालं.

शिवाय एक शब्द कानावर यायला लागला होता, हक्कसोड. आमच्या बाजूला लग्न झालेल्या मुलींच्या सह्या घेतात, साडीचोळी करतात आणि विषय संपतो. माझ्या चुलतबहिणीने अशीच सही केली. तिला कागद वाचायलाही दिला नव्हता. माझ्याशी अजून कुणी उघड बोललं नव्हतं, पण गेल्या गणपतीत मी स्वयंपाकघरात शिरले की बोलणं थांबायचं, एवढं मला समजत होतं.

मी बाबांना फोन लावला. बंद. भावाला लावला, तो उचलेना. परत लावला, त्याने कट केला.

मग माझं डोकं फिरलं. बाबांचा फोन बंद असताना त्यांचं खातं परत मिळवायला निघालंय कोण? एक तर बिल्डरचा एजंट, नाहीतर माझाच भाऊ. एजंट असेल तर थांबवायलाच हवं. आणि भाऊ असेल तर माझ्यापासून लपवून का करतोय? मी विनंती रद्द केली. समोर दाखल्यासाठी एक बाई ताटकळत उभी होती. तिला मी म्हणाले, "एक मिनिट हां," आणि पाणी प्यायले. खरं सांगते, आपण काहीतरी वाचवलं असं वाटून मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"ताई, ते तूच कॅन्सल केलंस ना?"

"म्हणजे तूच करत होतास."

"मग कोण करणार? बाबांचा फोन गेलाय. उल्हासनगरला फर्निचर मार्केटला गेलेले हिच्याबरोबर, टेबल बघायला. रिक्षातून उतरले आणि खिशात फोन नाही. मी पोलिसात बसलो होतो तेव्हा तुझे कॉल येत होते."

"एक मेसेज टाकता येत नव्हता?"

"तुला विचारता येत नव्हतं? धाडकन कॅन्सल? तुला काय भीती वाटली गं एवढी?"

"तू सांग ना, तुला कसली घाई झाली?"

नवरा समोर भाजी निवडत होता. मी फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "उद्या जाऊन ये. फोनवर हे वाढेल."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पालेगावला गेले. जुन्या घराच्या मागे, शेजारच्यांच्या जमिनीवर, आता बाराएक मजल्यांच्या इमारतीचा सांगाडा उभा आहे. आमचं अंगण दुपारीच सावलीत जातं. बाबा ओटीवर बसले होते, हातात नवा फोन उलटा धरून. भावाने तोवर जुनं सिम बंद करून त्याच नंबरचं दुसरं सिम काढून आणलं होतं. नंबर तोच, कॉल येत-जात होते. पण इमेल काही उघडत नव्हता.

"सिम मिळालं म्हणजे कोड यायला पाहिजे ना?" भाऊ मला म्हणाला. रात्री झोपला नसावा, डोळे लाल होते.

"बघू दे."

त्याने लॅपटॉप उघडला. बाबांचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. पासवर्ड बरोबर होता. मग पडद्यावर आलं की तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, 'हो' दाबा. ती सूचना हरवलेल्या फोनवर जात होती, आणि तो फोन कुणाच्या तरी खिशात किंवा गटारात बंद पडला होता. भावाने 'दुसरा मार्ग' दाबलं. तिथे बॅकअप कोड मागितला. असे कोड खातं सुरक्षित करताना काढून ठेवता येतात, एक कोड एकदाच चालतो. आमच्याकडे कुणी काढले नव्हते. त्याखाली आणखी एक मार्ग होता, एसएमएसने कोड पाठवायचा. पण नंबर पूर्ण दाखवत नव्हता. सगळे ठिपके आणि शेवटचे दोन आकडे, सदतीस.

"सदतीस कुणाचा?" मी विचारलं.

"तेच तर! बाबांचा नंबर बाराने संपतो. माझा नाही, हिचा नाही. तुझा?"

"माझा नाही, तुला माहितीये."

"मग दाजींचा?"

"माझ्या नवऱ्याचा नंबर बाबांच्या खात्यात कशाला असेल?"

"मी फक्त विचारलं."

"विचारलं नाहीस, संशय घेतलास."

भावजय पाणी घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, त्या एजंटचा असेल. तो बाबांचा फोन हातात घेऊन बसायचा, काय काय दाखवायचा."

ही शक्यता तिघांनाही पटली, आणि तिघेही घाबरलो. भावाने आपल्या फोनमध्ये एजंटचा नंबर काढला. शेवटी सदतीस नव्हतं. पण त्याच्याकडे दोन-तीन नंबर होते. मग वकिलाचा बघितला, मोजणीवाल्याचा बघितला, शेजारच्या काकांचा बघितला. मी माझ्या फोनमध्ये शोधत होते, भावजय तिच्या. एका खोलीत तिघं बसून ओळखीच्या माणसांची शेपटं तपासत होतो. मी मध्येच मान वर केली तर भाऊ माझ्या फोनमध्ये डोकावत होता.

"कोड पाठवून बघितलास का त्या नंबरवर?" मी विचारलं.

"चार-पाच वेळा. आता सांगतंय थोड्या वेळाने प्रयत्न करा."

बाबा ओटीवरून आत आले. त्यांनी इतका वेळ सगळं ऐकलं असणार.

"शेवटाला काय हाय म्हनता?"

"सदतीस, बाबा."

"त्यो तुमचे आयशीचा."

बाबा दारातच उभे राहून सांगत होते. टीव्हीवर कुणाचं तरी खातं लुटल्याची बातमी बघून त्यांनीच ही दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली होती. नुसता पासवर्ड कळला तरी कुणाला आत शिरता येऊ नये म्हणून. आई शेजारी बसून पडद्यावरचं एकेक वाक्य मोठ्याने वाचून दाखवत होती. तिथे नंबर मागितला तेव्हा बाबा स्वतःचा सांगायला लागले. आई म्हणाली, हाच फोन हरवला तर हाच नंबर काय कामाचा? माझा टाका. म्हणून तिचा टाकला.

आईने अगदी बरोबर विचार केला होता. पुढे लॉगिनची सूचना बाबांच्याच फोनवर येत राहिली, ते 'हो' दाबत राहिले, आणि तिच्या नंबरची कुणाला गरजच पडली नाही. ती गेल्यावर तिच्या सिमला कुणी रिचार्ज मारला नाही. ते बंद झालं. फोन भाच्याला गेम खेळायला दिला. खात्यातून तो नंबर काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझ्या फोनमध्ये 'आई' अजून होती. मी तिथे बोट ठेवलं. वाटलं होतं, नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू येईल. रिंग वाजली. भावजयीने तोंडावर हात ठेवला.

"हां, बोलो," एक बाई हिंदीत म्हणाली. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी म्हणाले, हा नंबर आधी माझ्या आईचा होता, त्यावर कालपासून काही कोड आले असतील.

"अच्छा! तो तुम लोग हो!" बाईचा आवाज चढला. "कल से कोड पे कोड आ रहा है. अब फोन करके बोलोगी, कोड बता दो? मेरे को पागल समझा है? पुलिस में दूंगी नंबर!"

"सुनिये तो, मेरी माँ..."

"सबकी माँ होती है," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भाऊ म्हणाला, "परत लाव. मी बोलतो. समजावून सांगू."

"नको."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे!"

"ती बरोबर आहे," मी म्हणाले. "मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. आणि तिने दिला असता तर जास्त भीती वाटायला हवी होती. आपल्या बापाच्या खात्याचा कोड अनोळखी बाईकडे जातोय, आणि तू तिला तो वाचून दाखवायला सांगणार?"

कंपन्या बंद पडलेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्यांना देतात हे मी ऐकून होते. पण आईच्या नावावर टिचकी मारल्यावर एका परक्या बाईने मला चोर म्हणावं, याची तयारी नव्हती. बाबा परत ओटीवर जाऊन बसले.

आता एकच वाट उरली होती, कालचीच. खातं परत मिळवण्याची विनंती पुन्हा करायची. भावाने पडद्यावर ती पानं परत उघडली आणि मी शेजारी बसून बघत होते. एका पानावर आलं की, रिकव्हरीच्या इमेलवर कोड पाठवू का? पत्त्याचं पहिलं अक्षर दिसत होतं, पुढे ठिपके. ते अक्षर माझं होतं.

"हे काल पण आलं होतं?" मी विचारलं.

त्याने उगाच पान खालीवर केलं.

"आलं होतं. आणि तू हे सोडून पुढे गेलास."

"मला नक्की माहीत नव्हतं तुझा आहे का."

"खोटं बोलू नकोस. ते अक्षर बघून तुला सगळं कळलं होतं."

भावाने लॅपटॉपचा पडदा थोडा खाली केला. मग म्हणाला, "बिल्डरच्या वकिलाने कराराचा ड्राफ्ट पाठवलाय. मला आधी वाचायचा होता. तू वाचलास की तमाशा होईल असं वाटलं."

"म्हणजे तमाशा होण्यासारखं आहे त्यात."

"मी उघडलाच नाही अजून! फोन गेला ना त्याच दिवशी."

ते खरं की खोटं, मला आजही सांगता येत नाही.

कोड माझ्या मेलवर आला. भावाने कीबोर्डवर बोटं ठेवून म्हटलं, "सांग." मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि स्वतः टाकला. त्याचा चेहरा उतरला. पडद्यावर आलं की, माहिती तपासायला काही दिवस लागतील, त्यानंतर संपर्काच्या पत्त्यावर लिंक येईल. संपर्काचा पत्ता मी माझा दिला होता. पहिल्या प्रयत्नात माझ्या रद्द करण्याने आमचा एक दिवस फुकट गेला होता, हे भाऊ दोनदा म्हणाला.

ते दिवस वाईट गेले. लिंक माझ्याकडे येणार होती आणि वाटलं तर मी विनंती परत रद्दही करू शकत होते, म्हणून भाऊ रोज फोन करायचा. "आला का?" एवढंच. मला वाटायचं, हा मधल्या दिवसांत वकिलाला दुसऱ्या पत्त्यावर ड्राफ्ट मागवून मोकळा होईल. त्याला वाटत असणार, ही एकटीच लिंक उघडून सगळं वाचून घेईल. बाबांचा जुना फोन अजून त्या खात्यात लॉगिन आहे, याचीही धास्ती होती. त्याला पॅटर्नचं कुलूप होतं, पण बाबांचा पॅटर्न म्हणजे नुसता एल. शाळेत मुलांचे आधार नंबर टाकताना माझ्या हातून चुका व्हायला लागल्या.

मध्येच एका दुपारी माझा फोन वाजला आणि पडद्यावर 'आई' आलं. ती शिलाईवाली बाई होती.

"बहनजी, मैंने सोचा, फ्रॉड वाले तो दोबारा फोन करते हैं. तुमने किया नहीं." मग थोडं थांबून म्हणाली, "सच में माँ का नंबर था?"

"हां."

"उनके नाम से गैस का मैसेज भी आता है कभी-कभी." ती उल्हासनगरला घरी बसून जीन्सच्या चेन लावायचं काम करत होती. "कोड तो मैं अब भी नहीं बताऊंगी, हां."

"बताना भी मत," मी म्हणाले. "किसी को भी मत बताना." आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. गॅसचं कनेक्शन अजून आईच्या नावावर आहे हे आम्हा कुणाच्या लक्षात नव्हतं.

लिंक सकाळी आली, मी डबा भरत असताना. नवऱ्याने पोळीचा घास हातात धरूनच विचारलं, "उघडणार?"

उघडली असती तर पाच मिनिटांत ड्राफ्ट माझ्या समोर होता. मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण बोट तिथवर नेलं तेव्हा आठवलं की खातं बाबांचं आहे. मी भावाला फोन केला. "आला. मी येतेय. उघडला नाहीये." तो म्हणाला, "बरं." त्याने विश्वास ठेवला का, देव जाणे.

पालेगावला आम्ही लॅपटॉप ओटीवर बाबांसमोर ठेवला. मी माझ्या मेलमधून लिंक उघडली. नवा पासवर्ड टाका असं आलं. भाऊ म्हणाला, "मी टाकतो, बाबा."

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी लॅपटॉप उचलला, भिंतीकडे तोंड करून बसले आणि एकेक अक्षर शोधत टाकायला लागले. खूप वेळ लागला. एकदा दोन्ही रकान्यांतले पासवर्ड जुळले नाहीत, परत टाकले. आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघत उभे होतो.

खातं उघडलं. आधी सुरक्षेच्या पानावर गेलो. हरवलेला फोन खात्यातून बाहेर काढला. दुसऱ्या टप्प्यासाठी बाबांचा नंबर घातला, आणि आई म्हणाली होती तसा, हा फोन गेला तर म्हणून आणखी एक. तिथे भावाचा टाकायचा की माझा, यावरून आम्ही परत एकमेकांकडे बघायला लागलो. बाबा म्हणाले, "त्याचा नंबर टाका, हिचा मेल हाय तसा राहू दे." मग सदतीसवर आलो. शेजारी कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. भावाला ते दाबवेना. मीच दाबलं. "तुमची खात्री आहे का?" असं विचारलं, त्यालाही मीच हो म्हटलं.

बॅकअप कोड काढले, भावजयीने आतल्या प्रिंटरवर त्यांचा कागद छापून आणला.

मग ड्राफ्ट. भावाने तो मोठ्याने वाचला. माझं नाव होतं, 'संमती देणार' म्हणून. हिस्सा फक्त बाबांचा आणि भावाचा. फ्लॅट कुणाला किती, त्या परिच्छेदात मी नव्हते.

"मी हे लिहायला सांगितलं नव्हतं," भाऊ म्हणाला.

"लिहू नका असंही सांगितलं नव्हतंस," मी म्हणाले.

तो चिडला. मीही चिडले. गणपतीतलं निघालं, आईच्या आजारपणातलं निघालं, कोण किती वेळा हॉस्पिटलात झोपलं तेही निघालं. भावजय आत निघून गेली. बाबांनी मध्ये पडून कुणाची बाजू घेतली नाही. आम्ही दमल्यावर ते भावाला म्हणाले, "वकिलाला लिव. हिचा हिस्सा घाल. घालशील तवाच मी सही करीन. लिव आता, हिच्यासमोर."

भावाने लिहिलं. तीन ओळी. पाठवायच्या आधी त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मी वाचलं, एक शब्द बदलायला सांगितला, त्याने बदलला आणि पाठवलं.

करार अजून झालेला नाही. वकिलाचा दुसरा ड्राफ्ट आला, त्यात माझं नाव हिस्सेदारांत होतं, पण फ्लॅट सर्वात खालच्या मजल्यावरचा, सांगाड्याच्या बाजूचा. त्यावर बोलणं चालू आहे. भाऊ आणि मी बोलतो. पूर्वीसारखं नाही, पण बोलतो.

नवा पासवर्ड बाबांनी आम्हाला दिला नाही. त्या दिवशी निघताना मी विचारलं होतं, "बाबा, कुठे लिहून ठेवलात का? विसराल." भावानेही विचारलं. बॅकअप कोडांचा कागद घडी करून त्यांच्या बंडीच्या खिशात गेला होता, आणि मग तो कुठे ठेवला हे दोघांपैकी कुणालाच माहीत नाही.

"तुम्हाला काय पाहिजे ते मना विचारा," बाबा म्हणाले. "मी बघून सांगीन."

आता ते रोज दुपारी चष्मा लावून स्वतः मेल वाचतात. काही आलं की आधी एकाला फोन करतात, मग लगेच दुसऱ्याला, आणि दोघांना तेच शब्द सांगतात. मी कधीकधी भावाला विचारते, तुला काय सांगितलं? तोही मला विचारतो.